सेस्टिनाचे सहा शब्द: दुहेरी अर्थाचे घ्यावेत की साधे?

धरमपेठकर: मराठीत सेस्टिना लिहितोय, म्हणजे जिच्या ओळी त्याच सहा शब्दांवर संपतात ती कविता. विषय नागपूरचा मे महिना. ओळीअखेरचे सहा शब्द ठरवलेत: ऊन, संत्रं, वाट, आई, एकटेपणा, आहे. तिसऱ्या कडव्यातच दम संपतो. शब्द बदलू का?

महालची मावशी: हो, आणि आधी ‘एकटेपणा’ काढ. प्रत्येक शब्द सहा कडव्यांत एकेकदा आणि अखेरच्या तीन ओळींत एकदा, असा सात वेळा येणार. हा शब्द सातही वेळा एकच गोष्ट सांगेल, आणि ती वाचकाला पहिल्या वेळीच कळलेली असेल.

शब्द पारखायचा तो सांध्यावर. पहिल्या कडव्याचा क्रम १-२-३-४-५-६, दुसऱ्याचा ६-१-५-२-४-३, आणि पुढे दर वेळी हीच उलटापालट. म्हणजे एक कडवं ज्या शब्दावर संपतं, त्याच शब्दावर पुढच्याची पहिली ओळ संपते. कडवं संपवायची पाळी सहाही शब्दांवर येते, त्यातल्या पाचांना लगेच पुढच्या ओळीत परत यावं लागतं. म्हणून कविता लिहिण्याआधी प्रत्येक शब्दाच्या अशा दोन ओळी लिहून बघ. तुझा ‘वाट’ घेते:

बर्डीच्या स्टॉपवर आई बघते शेवटच्या बसची वाट

घरी आल्या आल्या म्हणते, सूनबाई, तेवढी चटणी वाट

वाट पाहणं, वाट लागणं, पायवाट, प्रसाद वाटणं, सगळं त्यात आहे. शिवाय मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. जो शब्द नामही आहे आणि आज्ञार्थी क्रियापदही, तो ओळीच्या टोकाला आपसूक बसतो. माळ, जाळ, वळ, मळ हे त्याच जातीचे. ‘ऊन’ही ठेव, ऊन लागतं आणि भातही ऊन ऊन असतो.

रामदासपेठ ३४: मावशी, आदर ठेवून विरोध करतो. सहाही शब्द असे घेतले तर वाचक प्रत्येक टोकाला ‘आता कुठला अर्थ?’ एवढंच बघेल. अमेरिकन कवयित्री एलिझाबेथ बिशपच्या सेस्टिनातले शब्द घर, आजी, मूल, चूल, पंचांग आणि आसवं असे आहेत. एकही श्लेषाचा नाही. आसवं आधी आजीची, मग किटलीतून चुलीवर नाचणाऱ्या थेंबांची, मग कपातल्या काळपट चहाची. अर्थ तोच, धनी बदलतो. खरा धक्का त्यातच आहे. पंचांग तर बोलायला लागतं! साध्या घरात एक आगंतुक वस्तू हवी, तेवढं पुरे. ‘संत्रं’ ठेवा, ‘आई’ ठेवा.

इतवारीचा गझलवाला: एवढा खल कशाला? हा रदीफच झाला की. शेरामागून शेर तोच शब्द येतो आणि कुणी कंटाळत नाही. सुरेश भटांच्या विदर्भात हे शिकवावं लागू नये.

महालची मावशी: भाऊ, अर्धं बरोबर. रदीफाच्या आधी काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, बदलतो, कान त्याची वाट बघतो, नवेपणा तिथून येतो. सेस्टिनात यमकाचा तो टेकू नाही आणि शब्दाची जागाही हलते. रामदासपेठ, बिशपचं पटलं. पण इंग्रजीत नामावर वाक्य सहज संपतं. आपल्याकडे ‘चुलीवर’ म्हटलं की ओळ ‘वर’वर संपली, चूल गेली.

रामदासपेठ ३४: मग वाक्य ओळीवरून खाली सांडू द्या. ‘दारात ऊन’ इथे ओळ तोडा आणि ‘उतरलं’ पुढच्या ओळीत घ्या. आणि हो, ‘वर’ हाच शेवटचा शब्द घेतला तर? डोक्यावर, नवरा मुलगा, देवाचा वर, तिन्ही चालतात.

कळमन्याची ताई: माझी गोष्ट सांगते, प्रश्नाला धरून आहे की नाही बघा. आमचं घर संत्र्याच्या व्यापारात. माझ्या सहांत ‘पेटी’ होती: बाजारातली, भजनातली, मतदानाची, आजीची पितळी कडीची. शब्द कधीच कमी पडला नाही. पण चौथ्या कडव्यात मी ‘पेटीत’ लिहिलं, आणि एका सरांनी नियम मोडला म्हणून वही परत केली. मला अजून पटलेलं नाही. मराठीत विभक्ती लागणारच ना?

महालची मावशी: मी ‘पेटीत’ घेणार नाही. टोकाला तोच आवाज परत आला नाही तर सांधा ऐकू येत नाही.

रामदासपेठ ३४: मी घेईन, पण एकदाच, आणि तेही सांध्यापासून लांब. इंग्रजी कवीही शब्दाची रूपं बदलतात.

धरमपेठकर: ‘एकटेपणा’ काढून ‘माळ’ घेतो: गळ्यातली, गावाबाहेरचा, आणि ‘गजरा माळ’. ‘आहे’चं काय?

महालची मावशी: काढ. मराठीत टोकाचा ‘आहे’ कुणी ऐकतच नाही. दोन ओळी लागोपाठ ‘आहे’वर संपल्या तर पुनरुक्ती कुणाला जाणवणारसुद्धा नाही.

रामदासपेठ ३४: म्हणूनच ठेव. पाच शब्द ठणकत असताना एक गप्प हवा. शेवटच्या कडव्यात त्याचा ‘आहे?’ असा प्रश्न करून बघ.

इतवारीचा गझलवाला: आणि ‘संत्रं’चा सांधा लिहून बघितलास का? ‘वर’ आणि ‘आहे’वर सगळे भांडताहेत, पण अडशील तू तिथेच.