कोव्हेनंट मोडलंय, हप्ते चालू आहेत: गोइंग कन्सर्नबद्दल लिहायचं की नाही?

पहिलंच_ऑडिट
शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, खाजगी कंपनी, ३१ मार्च २०२४ चं ऑडिट. मुदत कर्ज १८ कोटी, कॅश क्रेडिट म्हणजे सीसीची मर्यादा १२ कोटी. बँकेची अट, म्हणजे कोव्हेनंट, अशी की डीएससीआर, म्हणजे कमाई भागिले कर्जफेड व व्याज, किमान १.२५ हवा. आलाय ०.९४. हप्ता मात्र एकही चुकलेला नाही. पुढच्या वर्षाचा कॅश फ्लो दिलाय, त्यात विक्री ६२ कोटींवरून थेट ७९ कोटी. बँकेचं पत्र आहे, "विषय विचाराधीन आहे". आमचे सर म्हणतात, एम्फसिस ऑफ मॅटर, म्हणजे नोटकडे नुसतं लक्ष वेधणारा परिच्छेद, टाकू आणि सही करू. कंपनी पुढे चालू राहील का, हा गोइंग कन्सर्नचा प्रश्न तेवढ्यावर सुटतो हे मला पटत नाहीये, पण का ते सरांपुढे नीट मांडता येत नाही. तुम्ही काय कराल?

निवृत्त_बँकर
सरांचं ऐका. ३१ वर्षं कर्ज विभागात काढली. अट मोडली तर कर्ज मागताक्षणी फेडावं लागेल, हे कलम आम्ही मंजुरीपत्रात छापीलच घालायचो. नुसता डीएससीआर घसरला म्हणून पूर्ण कर्ज परत मागितलेलं एकही खातं मला आठवत नाही. हप्ते वेळेवर म्हणजे खातं स्टँडर्ड, थकबाकीच्या पहिल्या पायरीवरचं एसएमए-० सुद्धा नाही. फार तर दंड शुल्क लागेल. तुमच्याच इन्स्टिट्यूटची शेड्यूल ३ वरची गायडन्स नोट वाचा. बँकेने कर्ज परत मागितलेलं नसेल तर ते दीर्घ मुदतीत दाखवायला ती साधारणपणे हरकत घेत नाही. मग गोइंग कन्सर्नचा बाऊ कशाला?

कोल्हापुरी_सीए
बँकरसाहेब, गायडन्स नोटचं बरोबर आहे, पण ती सांगते कर्ज कुठल्या रकान्यात बसवायचं ते. पुढचे बारा महिने कंपनी देणी कशातून देणार, हा प्रश्न निराळा आहे. कर्ज दीर्घ मुदतीत दाखवलं म्हणून पगाराच्या तारखेला खात्यात पैसे येत नाहीत.

आता मूळ प्रश्न. विक्री ६२ ची ७९ कशी होणार, यावर सगळे तुटून पडतात आणि व्यवस्थापन दोन ऑर्डरची पत्रं पुढे करून मोकळं होतं. मी आधी उधारीचे दिवस बघेन. मार्चअखेर येणी किती आहेत आणि त्या कॅश फ्लोमध्ये वसुली किती दिवसांची धरलीय?

पहिलंच_ऑडिट
येणी १६.३ कोटी, म्हणजे साधारण ९६ दिवस. कॅश फ्लोत ७० दिवस धरलेत. कारण विचारलं तर "वसुलीसाठी नवा माणूस नेमलाय" म्हणाले. वर्षभरात कर्जफेड व व्याज मिळून ५.२ कोटी जाणार आणि त्यासाठी धंद्यातून ७.४ कोटी सुटतील असं दाखवलंय. सीसीत मार्चला ८० लाख शिल्लक होते. साठा आणि पुरवठादारांची देणी आहेत तेवढीच धरलीत.

कोल्हापुरी_सीए
मग मांडून बघा. विक्रीचा आकडा सध्या खरा माना. ७९ कोटींवर ७० दिवस म्हणजे येणी १५.१५ कोटी. विक्री १७ कोटींनी वाढतेय आणि येणी सव्वा कोटीच्या आसपास कमी होतायत! त्यांच्या हिशोबाने ७.४ मधून ५.२ गेले, वसुलीतून १.१५ आले, सीसीतले ०.८ धरले की ४.१५ कोटींची ऊब, म्हणजे वर्षअखेर हाताशी उरणारा पैसा, दिसते.

आता उलटीकडून या. ही ऊब किती दिवसांच्या उधारीत संपते? ७९ कोटींच्या विक्रीत एक दिवस म्हणजे सुमारे २१.६ लाख. ४.१५ कोटींना त्याने भागा, १९ दिवस आले. म्हणजे विक्रीचं भाकीत शंभर टक्के खरं ठरलं तरी उधारी ८९ दिवसांवर गेली की कंपनीकडे दमडी उरत नाही, आणि आज ती ९६ वर आहे. आजच्याच सवयीने वसुली होत राहिली तर वर्षअखेर दीड कोटी कमी पडतात.

सरांपुढे एवढं एकच पान ठेवा. ठोकताळ्यानं विक्री दहा टक्के कापून आणलेल्या तक्त्यापेक्षा याचं वजन जास्त, कारण यात तुमचं स्वतःचं भाकीत काहीच नाही. आकडे सगळे त्यांचेच, फक्त वसुलीचे दिवस त्यांच्याच लेजरमधले.

आणि बँकरसाहेब, ड्रॉइंग पॉवरचं, म्हणजे साठा आणि येणी बघून सीसीतून किती उचलू देता त्याचं, तुम्हीच सांगा. ९० दिवसांवरची येणी धरता का?

निवृत्त_बँकर
बहुतेक मंजुऱ्यांत नाही धरत. हा मुद्दा मान्य. येणी जुनी होत गेली की मर्यादा कागदावर १२ कोटीच राहते, पण उचलता येते त्याहून कमी. म्हणजे ते ८० लाखही स्टॉक स्टेटमेंट बघितल्याशिवाय धरू नका.

आणखी एक. "विचाराधीन आहे" हे पत्र शाखेचं असेल तर त्याला काडीचीही किंमत देऊ नका. कर्ज ज्या पातळीवर मंजूर झालं, तिथूनच अट शिथिल होते. शाखाधिकारी गोड बोलेल, त्याला तेवढंच करता येतं. आणि मंजूर होऊन पत्र आलंच, तर "आमचे हक्क अबाधित ठेवून" असं वाक्य आहे का बघा. ते असेल तर बँकेने फक्त आज कारवाई केलेली नाही, माफी दिलेली नाही. माफी कुठल्या तारखेपर्यंत आहे तेही बघा. नुसत्या मार्च २०२४ पुरती असेल तर मार्च २०२५ ला पुन्हा तेच.

तरीही गोइंग कन्सर्नचा वेगळा परिच्छेद घालू नये या मतावर मी ठाम आहे. घातला की आमच्यासारखेच लोक घाबरतात.

फाउंड्रीवाला
माझा कारखाना बंद पडणार की चालणार, हे एसीत बसलेला सीए ठरवणार का? पाच वर्षांपूर्वी माझ्या ऑडिटरने असंच काहीतरी लिहिलं. बँकेने लिमिटचं नूतनीकरण चार महिने अडवलं, भंगारवाल्याने रोख मागायला सुरुवात केली, दोन भट्ट्यांपैकी एक थंड ठेवली. बायकोचे दागिने ठेवून पगार केले. कारखाना आजही चालू आहे. मग त्यांनी लिहिलेलं चुकलंच ना? आणि पैसे कमी पडले तर आम्ही देणी लांबवतो, हे तुमच्या गणितात कुठंय?

कोल्हापुरी_सीए
दादा, तुमचं सोसणं खरं आहे, त्यावर मी काही बोलत नाही. पण ऑडिटर "बंद पडेल" असं लिहीत नाही. खात्री देता येणार नाही इतकी मोठी अनिश्चितता आहे, एवढंच तो सांगतो. तुमचं त्या वर्षी दागिन्यांवर निभावलं, यावरून अनिश्चितता नव्हती असं ठरत नाही.

देणी लांबवायचं म्हणाल, तर मशिनिंग करून देणारे तुमचे जॉबवर्कवाले बहुतेक सूक्ष्म उद्योगांत नोंदलेले असतात. त्यांना ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर आयकराच्या ४३बी(एच) खाली त्या वर्षी तो खर्चच धरला जात नाही, २०२३-२४ पासून. त्यांच्याकडून लांबवून मिळणारी ऊब आता पूर्वीइतकी स्वस्त नाही.

लीड्सहून
मी इथे यूकेत ऑडिटमध्ये आहे. आमच्याकडे व्यवस्थापनाला निदान बारा महिने बघावे लागतात ते लेखे मंजूर झाल्याच्या तारखेपासून. तुमच्याकडे ताळेबंदाच्या तारखेपासून ना? म्हणजे सप्टेंबरात सही केली तर पुढचे जेमतेम सहा महिने तपासले जातात. मला हे नेहमी विचित्र वाटतं.

कोल्हापुरी_सीए
विचित्र आहेच. गोइंग कन्सर्नवरचं ऑडिट मानक एसए ५७० त्या मुदतीपलीकडचं काही माहीत आहे का, हे व्यवस्थापनाला विचारायला लावतं, पण विचारणं निराळं आणि तपासणं निराळं. इथे तर पुढची डीएससीआर चाचणी नेमकी ३१ मार्च २०२५ ला आहे, मुदतीच्या शेवटच्या दिवशी.

उशिरा सही करण्यात एक फायदा मात्र आहे. एप्रिल ते जुलैचे खरे आकडे हाताशी असतात. कॅश फ्लोतल्या त्या चार महिन्यांशी लावून बघा. आणि मागच्या तीन वर्षांचे अंदाजही काढा. बँकेला नूतनीकरणासाठी दिलेल्या सीएमए तक्त्यांत सापडतील.

सरांच्या एम्फसिसबद्दल: ती जुनी सवय आहे. १ एप्रिल २०१७ किंवा त्यानंतर सुरू झालेल्या वर्षांपासून सुधारित एसए ५७० लागू आहे. मोठी अनिश्चितता आहे असं ठरलं आणि नोटमध्ये ती नीट मांडलेली असेल, तर अहवालात त्यासाठी स्वतंत्र शीर्षकाचा भाग येतो आणि अभिप्राय स्वच्छच राहतो. घाबरणाऱ्या बँकरला हे वाक्य दाखवायचं. शिवाय कारो, म्हणजे ऑडिट अहवालाबद्दलचा सरकारी आदेश, त्याच्या १९ व्या कलमाखाली, वर्षभरात येणारी देणी कंपनी देऊ शकेल का, यावर तुम्हाला तसंही लिहायचंच आहे. तिथे एक आणि मुख्य अहवालात दुसरं, असं झालं तर बाहेरचा माणूस पहिल्यांदा तेच पकडेल.

निवृत्त_बँकर
स्वच्छ अभिप्राय वगैरे ठीक. क्रेडिट कमिटीत बसलेला माणूस शीर्षक वाचतो आणि पान उलटतो. हे मी लिहून देतो.

पहिलंच_ऑडिट
चार दिवसांनी लिहितोय. एप्रिल ते जुलै अंदाज २५.२ कोटींचा, विक्री झाली २१.६. मागच्या तीन वर्षांत अंदाजाच्या ८७, ८६ आणि ८२ टक्के. ९० दिवसांवरची येणी २.१ कोटी निघाली, त्यातली बरीचशी एकाच ट्रॅक्टर पार्ट्सच्या गिऱ्हाइकाकडे. वसुलीचा नवा माणूस जूनमध्येच सोडून गेलाय.

हे दाखवल्यावर संचालकांनी तीन कोटी घालण्याचं पत्र दिलं. पैसे कुठून येणार विचारलं तर गावाकडची जमीन विकून. सात-बारा मागवला, इतर हक्कांत बोजा आहे. याच बँकेचा. म्हणजे विकायची तर बँकेने सोडायला हवी, आणि सुटली तरी पैसा आधी बँकेकडेच वळणार असं वाटतं.

सर आता स्वतंत्र भाग घालायला तयार आहेत. संचालक मात्र नोटमध्ये फक्त "बँकेशी चर्चा सकारात्मक सुरू आहे" एवढंच लिहायला तयार. डीएससीआरचा आकडाही नको म्हणतात.

कोल्हापुरी_सीए
मग स्वच्छ अभिप्राय गेला. नोट अपुरी असेल तर अहवालात स्वतंत्र भाग घालून भागत नाही, क्वालिफाइड किंवा अ‍ॅडव्हर्स, प्रसंगानुसार. हे संचालकांना तोंडी नको, ड्राफ्ट अहवालाचे दोन्ही नमुने शेजारी ठेवून दाखवा. माझ्या अनुभवात दुसरा नमुना वाचल्यावर नोट लांबते.

फाउंड्रीवाला
आणि तरी नाही लांबली तर?

पहिलंच_ऑडिट
तेच सरांना विचारलं. उद्या बारा वाजता बोर्ड मीटिंग आहे. दोन्ही नमुने छापून घेतलेत. जमिनीबद्दल बँकेच्या झोनल ऑफिसला पत्र लिहिलंय, उत्तर अजून नाही.