मदत हवी आहे: बिल समान वाटून घेताना दर वेळी माझाच खिसा रिकामा होतो

काठावरचा: आम्ही सहा जण महिन्यातून दोनदा बाहेर जेवतो. मी मोजकंच मागवतो, पण शेवटी कुणीतरी म्हणतं, "चला, सहा भाग करू." परवाचं बिल ३३०० झालं आणि माझ्या वाट्याला ५५० आले. मी मागवलं होतं जेमतेम २५० चं. तिथे तोंड उघडलं की "काय रे, एवढ्यासाठी?" पुढच्या शनिवारी परत जायचंय. आधीच काय आणि कसं बोलू?

रोखठोक: सोपं आहे. खिशात ठरलेली रोकड तेवढीच ने, कार्ड घरी ठेव.

हिशेबनीस: रोखठोक, अर्धंच बरोबर. पैसे कमी पडले की कुणीतरी "मी भरतो, नंतर दे" म्हणतो आणि मर्यादा उधारीत ओलांडली जाते.
काठावरचा, बिल आल्यावर बोललात तर तो वाद होतो, ऑर्डरच्या आधी बोललात तर तो नियम. आदल्या दिवशीच ग्रुपवर टाका: "या वेळी ज्याने त्याने आपापलं भरू. मधे ठेवून खायचं तेवढं समान वाटू. मी यायच्या-जायच्या खर्चाशिवाय ३५० पर्यंतच आहे." बसल्या बसल्या वेटरला विचारा, वेगवेगळी बिलं होतील का. नाही म्हणाला तर एकूण बिलाला मेन्यूतल्या किमतींच्या बेरजेने भागा आणि येईल त्या आकड्याने आपण मागवलेल्याची किंमत गुणा. तुमचे ३३०० कर धरून असतील आणि बेरीज ३००० असेल, तर १.१ येतात. २५० × १.१ म्हणजे २७५. ३५० ची मर्यादा म्हणजे मेन्यूवर ३१५ च्या आसपास थांबायचं. लोक नेमकं हेच विसरतात.

जुनी_मैत्रीण: आमच्यात वाढदिवसाला ज्याचा वाढदिवस त्यानेच द्यायचं असतं. मला तेच जड जातं. त्याचं काय करू?

हिशेबनीस: तो वेगळा प्रश्न आहे, वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

वाचनवेडा: समान वाटणीत माणसं जास्तच मागवतात. २००४ साली अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांचा प्रयोग छापून आला होता, त्यात हेच दिसलं. गंमत म्हणजे बहुतेकांना आपापलं बिल भरणंच पसंत होतं. तुमच्या सहातले दोघं-तिघं मनात तेच म्हणत असतील. आधी त्यांतल्या एकाशी बोला, म्हणजे निरोपाखाली पहिला "हो" त्याचा येईल.

काठावरचा: पाठवला निरोप. तिघांचा लगेच होकार आला, एक गप्प आहे. जो सगळ्यात जास्त मागवतो त्याने लिहिलंय, "मग मजा काय राहिली?" त्याला काय उत्तर द्यावं?

रोखठोक: काहीच देऊ नकोस.

हिशेबनीस: मी असतो तर लिहिलं असतं, "तू हवं ते मागव, मी तुझ्या ताटाकडे बघणार नाही." तरी तो टेबलावर मधे ठेवायला काहीबाही मागवेलच. ते कोण खातं आणि कोण नाही, हे आमच्या ग्रुपमध्येही अजून नीट जमलेलं नाही.