मदत हवी आहे: आई-बाबांच्या फोटोवरून दरबारी लघुचित्र, चेहरे जमत नाहीत

नौपाडाकर:
आई-बाबांच्या लग्नाला डिसेंबरात ४० वर्षं होतील. त्यांना न सांगता मुघल-राजपूत धाटणीचं दोघांचं चित्र करतेय. वसली, म्हणजे थर चिकटवून केलेला जाड कागद, जयपूरहून मागवली आहे, रंग गुआश. हाताशी फोटो आहे तो एका रिसेप्शनमधला: दोघं सोफ्यावर, समोरून काढलेला, फ्लॅशचा. बाबांना चष्मा. कपडे, दागिने बरे उतरले, पण चेहरे मात्र फोटोतून कापून चिकटवल्यासारखे दिसतात. सोफाही मागे निमुळता होत जातो आणि सगळं चित्र कॅलेंडरसारखं वाटतं. चेहरे बाजूने वळवायचे का? वळवले तर ते आई-बाबाच वाटतील कसे?

खारेगावचा_रंगारी:
या शैलीत चेहरा कायम बाजूनेच असतो, त्यामुळे वळवावाच लागेल. समोरच्या फोटोवरून नाकाचा अंदाज घ्या. आणि ब्रश मुंगसाच्या केसांचा घ्या, त्याशिवाय बारीक रेघ येत नाही.

अकीक:
मुंगसाचा ब्रश नको, त्याची विक्री वन्यजीव कायद्याने बंद आहे. जुने चितारी खारीच्या शेपटीचे केस वापरत. टोक चांगलं असेल तर शून्य नंबरचा सिंथेटिकही चालतो.

चेहरा कायम बाजूनेच, हेही खरं नाही. अकबराच्या काळात तीन-चतुर्थांश वळलेले चेहरे भरपूर आहेत. चितारी त्याला 'डेढ चश्म' म्हणतात. 'एक चश्म', म्हणजे पूर्ण बाजूचा चेहरा, जहांगीरच्या काळात रूढ झाला. पण ताई, तुमच्या चित्रात दोघं एकमेकांकडे बघत असतील तर एक चश्मच शोभेल. समोरच्या फोटोवरून नाकाचा अंदाज मात्र घेऊ नका. नाक किती पुढे येतं आणि हनुवटी किती मागे जाते, हे त्या फोटोत दिसतच नाही, आणि ओळख तिथेच असते.

लग्नाचा अल्बम काढा. अंतरपाटाच्या वेळचे फोटो बहुतेक बाजूने घेतलेले असतात. नवरानवरी समोरासमोर, दोघांची कपाळापासून हनुवटीपर्यंतची रेघ स्वच्छ मिळते. तीच ट्रेसिंग पेपरवर उतरवा. डोळा मात्र शैलीतला लांबट काढा, बाकी रेघ त्यांचीच राहू द्या.

चिकटवल्यासारखं दिसतंय ते फ्लॅशच्या सावलीमुळे. या चित्रांत उजेड एका बाजूने येत नाही. आधी चेहऱ्याला एकच सपाट रंग द्या, वाळला की चित्र गुळगुळीत फरशीवर उपडं ठेवून मागून अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटा. मग त्याच रंगापेक्षा जेमतेम गडद छटेने, जवळजवळ कोरड्या ब्रशने केसाएवढ्या रेघा मारा. हा परदाज. तो नाकाच्या कडेला, डोळ्याखाली, जबड्याच्या रेघेला, बस. ब्रशात पाणी जास्त झालं की खालचा रंग उचलला जातो आणि गाल मळकट दिसतो. तसं झालं तर थांबा, पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत डिंक ओल धरतो, तेव्हा घोटायची घाई नको. तपासायला चित्राचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. अर्धा चेहरा उजळ, अर्धा काळा दिसला तर फोटोतली सावली अजून आत आहे.

सोफा सोडा, गादी-तक्का घ्या. सतरंजी वरून बघितल्यासारखी सरळ आयत काढा, मागे नक्षी लहान करू नका. दोघांना तिच्या खालच्या भागात बसवा. हाशिया वेगळ्या कागदावर रंगवून नंतर जोडा, म्हणजे चित्र बिघडलं तरी किनार वाया जात नाही. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं आहेत. एकदा जाऊन फक्त जबड्याच्या रेघा बघून या.

वाशीची_मंजू:
आम्ही सासूबाईंच्या पंचाहत्तरीला असंच राजाराणीचं चित्र कॅनव्हासवर छापून घेतलं होतं. सगळ्यांना आवडलं. तुम्हाला छापून देणारा कुठे मिळेल हेच विचारताय ना?

नौपाडाकर:
नाही मंजूताई, हातानेच करायचंय. अकीक, अल्बम मावशीकडे मिळाला आणि अंतरपाटाचा फोटो खरंच बाजूचा आहे! पण त्यात आई बावीसची आहे, आणि बाबांना तेव्हा चष्माही नव्हता. आता काय करू?

अकीक:
हाडाची रेघ फोटोतली घ्या, वय आजचं द्या. गळ्याखालची सैल कातडी, कानाजवळचे पांढरे केस परदाजने येतात. मुघल चितारी म्हाताऱ्या दरबाऱ्यांच्या सुरकुत्या लपवत नसत. चष्माही ठेवा. इराणी चितारी रिझा अब्बासीचं त्याच्या शिष्याने, मुईन मुसव्विरने, केलेलं सतराव्या शतकातलं चित्र आहे, त्यात तो चष्मा लावून काम करतोय. बाजूने एकच काच आणि कानापर्यंतची एक काडी, ती शेवटी एका दमात ओढा.

खारेगावचा_रंगारी:
मुंगसाचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण वयाचं पटत नाही. किशनगढकडच्या चित्रांत राधाकृष्ण कायम तरुणच असतात. आईला बावीसचीच ठेवा, बघून हरखेल.

अकीक:
ते राधाकृष्ण आहेत, हे व्यक्तिचित्र आहे. शेजारच्यांनी बघून नाव घेतलं पाहिजे.

नौपाडाकर:
दोन्ही वयांच्या रेघा ट्रेसिंगवर काढते आणि मावशीला दाखवते. आईला तेव्हापासून आजपर्यंत बघितलेली तीच एक आहे.