मदत हवी आहे: A'B + B'C + C'A आणि AB' + BC' + CA' एकच आहेत का?

निशाचर_बिट:
एका गणितात माझं उत्तर A'B + B'C + C'A आलंय. उत्तरसूचीत AB' + BC' + CA' आहे. दोन्हींत एकही पद सारखं नाही. ट्रुथ टेबल मांडलं तर आठही ओळी जुळतात, पण अल्जेब्राने एकातून दुसरं काही केल्या निघत नाही. कॉमन काढायला गेलं की पुढे काहीच कटत नाही. प्रश्नात 'बूलियन अल्जेब्राने सिद्ध करा' असं आहे. काय करू?

गेटकीपर:
समान नाहीत. दोन्ही अगोदरच मिनिमल आहेत, कुठलंही पद काढता येत नाही. मिनिमल उत्तर एका फंक्शनला एकच असतं. टेबलात गडबड असेल, B' आणि C' चे कॉलम परत बघ.

जुनी_ट्रंक:
गेटकीपर, दोन्ही मिनिमल आहेत हे खरं, पण मिनिमल उत्तर एकच असतं हे खरं नाही. के-मॅप बघा:

```
       BC
       00  01  11  10
A=0     0   1   1   1
A=1     1   1   0   1
```

शून्यं फक्त 000 आणि 111 ला. बाकीचे सहा एक 001, 011, 010, 110, 100, 101 या क्रमाने घेतले की एकमेकांना लागून गोल फिरतात आणि 101 नंतर परत 001 येतो. आता त्यांच्या जोड्या पाडायच्या. 001 ची जोडी 011 शी लावली तर A'C, BC', AB' मिळतात, म्हणजे उत्तरसूचीतलं उत्तर. 011 ची जोडी 010 शी लावली तर A'B, AC', B'C मिळतात, म्हणजे तुझं. दोन्हींत तीनच जोड्या. म्हणून गट वेगळे दिसले तर घाबरू नये, झाकलेले चौकोन तेच आहेत का ते बघावं.

अल्जेब्रात तू अडकतोस कारण तू पदं कमी करायला बघतोयस. इथे आधी वाढवावी लागतात. A'B आणि B'C घे. B एकात सरळ, एकात उलटा. मग उरलेल्यांचा गुणाकार A'C फुकट जोडता येतो, कारण A'C = A'CB + A'CB', पहिला तुकडा A'B मध्ये मावतो, दुसरा B'C मध्ये. हाच कन्सेन्सस. तसंच B'C आणि C'A मधून AB', C'A आणि A'B मधून BC'. आता तुझ्या बाजूला सहा पदं झाली. उत्तरसूचीच्या राशीवर हेच केलंस की तिथेही तीच सहा येतात. झालं सिद्ध.

स्वल्पविराम:
शून्यांकडून जा ना, कमी लिहायला लागतं. 000 ला शून्य म्हणजे (A+B+C), 111 ला शून्य म्हणजे (A'+B'+C'). दोघांचा गुणाकार केला की AA', BB', CC' उडतात आणि वरची सहाच पदं उरतात. पण त्यातून तीन पदांवर यायला कन्सेन्सस लागतोच.

उलटा_अँड:
माझंही सेम! माझं उत्तर A, मित्राचं B. सरांनी दोघांनाही पूर्ण मार्क दिले. म्हणजे A = B का? मॅपवर 11 ला एक, 00 ला शून्य, बाकी दोन्ही डोन्ट केअर.

जुनी_ट्रंक:
नाही. तुमची दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण समान नाहीत. 01 आणि 10 ला ती वेगळं देतात, आणि नेमक्या त्याच जागी काहीही चालतं. निशाचरच्या मॅपवर डोन्ट केअर नाही, म्हणून तिथे एका ओळीचा फरकही चालणार नाही.

गेटकीपर:
ठीक, मॅप पटला. पण मी तर दोन्ही बाजूंत B'C मिळवून समान आली की B'C कापून टाकीन, मधलं एवढं कशाला?

जुनी_ट्रंक:
'ऑर'मध्ये असं कापता येत नाही. A + AB = A + 0, दोन्ही बाजूंचा A कापला तर AB = 0 होईल! मिळवायचं पद दोन्ही राशींत आधीच मावत असेल तरच मिळवल्याने काही बिघडत नाही, आणि ते मावतं हे दाखवणं म्हणजेच मधली पायरी.

निशाचर_बिट:
सहा पदांवाली पद्धत जमली, धन्यवाद. दोन शंका: 'अल्जेब्राने' म्हटलेल्या प्रश्नात ट्रुथ टेबल दिलं तर मार्क मिळतात का? आणि पाच-सहा व्हेरिएबल असले तर कोणतं पद वाढवायचं हे कसं ओळखायचं?

स्वल्पविराम:
पहिलं तपासणाऱ्यावर. आमच्याकडे अर्धे कापले होते.

जुनी_ट्रंक:
टेबल हा पुरावा म्हणून पूर्ण आहे, मार्कांचं मी सांगू शकत नाही. दुसऱ्याला हमखास वाट एकच: कन्सेन्सस काढत राहा, मोठ्या पदात मावणारी पदं उडवा, नवीन काही निघेनासं झालं की थांबा. दोन्ही बाजूंची अंतिम यादी तीच आली तर समान, एका पदाचा जरी फरक आला तरी असमान. पण ही यादी भयंकर लांबू शकते. सहा व्हेरिएबलला ६४ ओळींचं टेबलच मी आधी मांडेन. एक ओळ चुकली की 'असमान' म्हणून मोकळं होता येतं.

गेटकीपर:
६४ ओळी हाताने? परीक्षेत?