अनुभव धागा: ज्युलिएन, सॉते, मीझ आँ प्लास आणि आपलं स्वयंपाकघर

रानजाई
कागदाच्या पुडीत मासा करायचाय. खाली भाज्या, वर मासा, पुडी बंद करून ओव्हनमध्ये. फ्रेंच लोक त्याला पापियोत म्हणतात. पाककृती जेमतेम सहा ओळींची, पण पहिल्या ओळीत मीझ आँ प्लास, म्हणजे सगळं आधी कापून-मोजून मांडून ठेवणं, दुसरीत गाजर-लीक-सेलरीचं ज्युलिएन, म्हणजे बारीक काड्या, तिसरीत ते लोण्यावर सॉते. एवढं सगळं करावंच लागतं, की गाजर किसून भागतं? असे शब्द वाचून ज्यांनी खरोखर काही रांधलंय, त्यांनी लिहा.

कोकमकढी
किसू नकोस. आमच्याकडे एकदा किसून झालंय. गाजराने इतकं पाणी सोडलं की माशाखाली लगदा तयार झाला. सुरीने कापलेल्या काड्या आपला आकार धरून राहतात.

निवांत काका
सॉते म्हणजे आपलं परतणं, एवढा बाऊ कशाला? मंद आच, वर झाकण, दहा मिनिटं. झालं.

जुना आचारी
काका, तुमची कृती या पदार्थाला चालेल, पण ते सॉते नव्हे. झाकण ठेवलं की भाजी वाफेवर मऊ होते. सॉतेला पसरट तवा, मोठी आच आणि कोरडी भाजी लागते, आणि ती सतत हलती ठेवायची. कानाने ओळखा: चुरचुर आवाज येत राहिला तर बरोबर. आवाज बसला आणि तळाशी पाणी दिसलं, तर तव्यात गर्दी झालीये. अर्धी भाजी बाहेर काढा. लोणी मोठ्या आचेवर करपतं, त्यापेक्षा सरळ तूप वापरा.

रानजाई, मी हॉटेलात हा पदार्थ बराच केलाय. दीडशे ग्रॅमचा तुकडा २०० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटांत शिजतो. तेवढ्यात जाड गाजर कच्चंच राहतं. ते शिजेपर्यंत थांबलात तर मासा कोरडा पडतो. म्हणून काडी बारीक हवी आणि ती आधी दोन-तीन मिनिटं परतलेली हवी. रंग आणायचा नाही, फक्त कडकपणा मोडायचा.

कापताना गाजराचे पाच सेंटिमीटरचे तुकडे करा. एका बाजूने पातळ काप काढून ती सपाट करा, म्हणजे गाजर पाटावर गडगडत नाही. मग तीन मिलिमीटरच्या चकत्या, दोन-तीन एकावर एक रचून तेवढ्याच जाडीच्या काड्या. सुरुवातीला काढलेले काप सूपमध्ये टाका. जाडी सारखी ठेवा, लांबी थोडी कमी-जास्त झाली तर कुणी मोजत नाही.

चिंगुळी
आमच्याकडे ओव्हन नाही. केळीच्या पानात बांगडा गुंडाळून तव्यावर करतो, आत ओलं खोबरं आणि मिरचीचं वाटण. ज्युलिएन नाही आणि काही अडलंही नाही. हे चालेल का?

रानजाई
चिंगुळी, चालेल म्हणजे काय, कृती वेगळी लिहा! पण माझा प्रश्न भाज्यांचा आहे गं.

लिऑनची सून
इथे फ्रान्समध्ये घरोघरी कुणी रोज काड्या कापत बसत नाही. सुपरमार्केटात कापलेल्या ज्युलिएनची गोठवलेली पिशवी मिळते. मी तीच आणते, पण ती तव्यात पाणी फार सोडते, म्हणून न वितळवता गरम तव्यावर थोडी-थोडी टाकते. आणखी एक गंमत: इथे मासळीवाल्याकडे ज्युलिएन मागितलं तर तो माशाचा तुकडा पुढे करतो, कारण त्या नावाचा एक मासाही आहे. पहिल्यांदा मी भाजीच्या आशेने गेले होते.

दोन वाट्या
मीझ आँ प्लासवर माझा आक्षेप. सगळं कापून, मोजून वाट्यांत मांडायचं आणि मग त्या वाट्या घासायच्या कुणी? बटाट्याच्या भाजीला फोडणी तडतडेपर्यंत मी मिरची चिरते.

जुना आचारी
बटाट्याच्या भाजीला बरोबर आहे. इथे मात्र परतलेली भाजी थंड व्हायच्या आत पुडी बांधायची नसते, उलट ती थोडी निवू द्यायची. नाहीतर कच्चा मासा गरम भाजीवर ठेवला की खालून आधीच शिजायला लागतो. तेवढ्या वेळात कागद कापा, मासा पुसून मीठ लावा. वाट्या नकोत, एका ताटात कोपरे करून मांडा.

कोकमकढी
कागदाचंही सांगा कुणीतरी. दुकानात 'बटर पेपर' मागितला की मिळेल तो ओव्हनमध्ये घालू नका. मेणाचा थर असलेला चालत नाही. पाकिटावर बेकिंगचा उल्लेख आणि तापमान वाचा.

दोन वाट्या
ताट मान्य. पण आचारीकाका, हॉटेलात वाट्या घासणारा दुसरा असायचा ना?

रानजाई
शनिवारी रावस आणते. लीक इथे मिळत नाही, पातीचा कांदा घालू का? त्यालाही गाजराइतकाच वेळ परतायचं?