मदत हवी आहे: सेमिनारचा रिस्पॉन्स ‘नुसता सारांश’ म्हणून परत आला

उत्तररात्र
उद्या सकाळी पुन्हा द्यायचाय. मॅडमचा शेरा: ‘लेखक काय म्हणतो ते मी वाचलंय. तू काय म्हणतेस?’ सारांश कमी करायचा म्हणजे नेमकं काय कापायचं? सगळंच महत्त्वाचं वाटतंय. प्लीज लवकर सांगा.

पानवाचक
कुठला लेख? शब्दमर्यादा? आत्ता सारांश किती आहे? यातलं काहीच न सांगता काय कापायचं ते कसं सांगणार?

जुनीवही
सारांशलेखनाचा नियम साधा आहे. मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश, स्वतःच्या शब्दांत, शीर्षकासह. आम्हाला शाळेत याचे गुण हमखास मिळायचे.

शेरेबाज
जुनीवही, तिला सारांश लिहायचा नाहीये, कमी करायचाय.

उत्तररात्र
गॅरेट हार्डिनचा सामाईक कुरणावरचा निबंध, १९६८चा. मर्यादा ६०० शब्द. पहिले चार परिच्छेद सारांश, शेवटी एक ओळ: ‘पण गुराखी एकमेकांशी बोलत का नाहीत, असा प्रश्न पडतो.’ संपलं.

शेरेबाज
सारांश सगळा उडव. वाचणाऱ्याने लेख वाचलेलाच आहे. थेट प्रश्नापासून सुरू कर.

पानवाचक
सगळा उडवला तर टीका कशावर उभी राहणार? प्रश्नाला लागतो तेवढा ठेवायचा. तुझा प्रश्न चांगला आहे, फक्त तो जिथे पोचायचा तिथे न्यायच्या आधीच तू थांबलीस.

आता निबंधाचा शेवट बघ. सुरुवातीच्या कुरणात प्रत्येक गुराखी एकटाच हिशेब करतो: जनावर वाढवलं तर फायदा माझा, चराई संपल्याचा तोटा सगळ्यांत वाटला जाणार. उपाय सांगताना मात्र हार्डिन म्हणतो की ज्यांना झळ बसते त्यांच्यातल्या बहुसंख्यांनी मिळून संमतीने स्वतःवर सक्ती लादावी. म्हणजे आधी जे बोलतच नव्हते ते आता एकमत करतायत. ही फट तुझी. साधारण असं सुरू कर:

‘हार्डिनचे गुराखी कुरण उजाड होईपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत, पण उपाय सांगताना तो त्यांच्याकडूनच संमतीची अपेक्षा धरतो. जी माणसं नियमांवर एकमत करू शकतात, त्यांचं कुरण आधी उजाड का झालं?’

यानंतर गुराख्याचा हिशेब दोन वाक्यांत. प्रदूषण आणि राष्ट्रीय उद्यानं यांचे परिच्छेद गेले, कारण प्रश्नाला त्यांची गरज नाही. कुठलंही वाक्य ठेवायचं की नाही हे ठरवायला ते झाकून पुढचं वाच. पुढचं कळत असेल तर ते काढ.

शेरेबाज
पण मग ऑस्ट्रॉम आणा की! एलिनॉर ऑस्ट्रॉमने १९९०च्या पुस्तकात लोकांनी स्वतः नियम करून सांभाळलेल्या कुरणांची, पाण्याची उदाहरणं दिलीत. २००९ला नोबेल. हार्डिनचा निकाल लागला.

पानवाचक
निकाल ऑस्ट्रॉमने लावला, उत्तररात्रने नाही. दुसऱ्याच्या पुस्तकाचा सारांश आणून पहिला सारांश भरून काढण्यात काय हशील? एक वाक्य चालेल, तेही शेवटी.

शेरेबाज
असहमत. बाहेरचा पुरावा नसेल तर टीका म्हणजे नुसतं मत.

निवांतपणे
अवांतर: त्या निबंधाचा मुख्य विषय लोकसंख्या आहे हे कुणाच्या लक्षात आहे का? कुरण हे फक्त उदाहरण. सगळे तेवढंच वाचतात.

उत्तररात्र
लोकसंख्येचा माझा अख्खा परिच्छेद आहे! तो पण काढू?

पानवाचक
परिच्छेद काढ, एक वाक्य ठेव, नाहीतर निवांतपणे यांच्यासारखा वाचक लगेच अडवेल. जागा वाचेल ती हार्डिनच्या उत्तराला दे. तो म्हणेल, नुसत्या बोलण्याने काही होत नाही. सदसद्विवेकाला केलेली आवाहनं फुकट जातात असं त्याने लिहिलंयच: जो ऐकतो तो मागे पडतो, न ऐकणारा पुढे जातो. म्हणून त्याला सक्ती लागते. यावर तुझं म्हणणं काय? सक्ती करणारा तरी कोण नेमणार, आणि तेही बोलल्याशिवाय? हा भाग दोनशे-अडीचशे शब्द घेईल.

उत्तररात्र
पण मी विद्यार्थी, त्याला चूक कसं म्हणू? ‘असा प्रश्न पडतो’ हे सौम्य वाटतं म्हणून लिहिलं होतं.

पानवाचक
चूक म्हणू नकोस, कुठे अडतंय ते दाखव. आणि प्रश्न कुणाला पडतो? ‘मला’ लिही.

निवांतपणे
आमच्या विभागात ‘मला’ लिहिलं की लाल रेघ यायची. आधी मॅडमना विचार.

उत्तररात्र
रात्री साडेअकराला? पहिला परिच्छेद बदलला. प्रश्न पहिल्याच ओळीत टाकलाय, पण मग हार्डिन कोण हे तिसऱ्या ओळीत येतं. चालेल का?

शेरेबाज
चालेल.

जुनीवही
शीर्षक द्यायला विसरू नकोस.