होलसेलवाल्यांशी व्यवहार कसा जमला? वह्या-पेनांचं काउंटर चालवणाऱ्यांचे अनुभव

सासवडचे काका

पंचायत समितीत कारकुनी करून निवृत्त झालो आणि घराच्या पुढच्या खोलीत वह्या-पेनांचं काउंटर टाकलं. शाळा हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाची काळजी नव्हती. खरी शिकवणी झाली ती पुण्यात, बोहरी आळीत माल घेताना. ज्यांनी असं लहान दुकान सुरू केलंय त्यांनी आपापला अनुभव लिहावा. सुरुवात मी करतो.

कचेरीत खरेदीची रीत ठरलेली. तीन दरपत्रकं मागवायची, तौलनिक तक्ता करायचा, सर्वांत कमी दराला मंजुरी घ्यायची. बाजारात मी तोच तक्ता घेऊन गेलो, तर तिन्ही दुकानांनी भाव सांगितला तो तीन तऱ्हांनी. वही एकाच दर्जाची, लाँगबुक, छापील किंमत 40 रुपये. पहिले म्हणाले, छापलेल्यावर पंचवीस टक्के कमी. दुसरे म्हणाले, तुम्हाला पंचवीस टक्के मार्जिन सुटेल. तिसरे म्हणाले, भाव बत्तीस, पण दहा डझनावर एक डझन स्कीम.

पहिल्या दोघांचे पंचवीस टक्के सारखेच वाटतात, पण तसे नाहीत. पहिल्याकडे वही 30 रुपयांना पडते. दुसऱ्याचे टक्के खरेदीवर आहेत, म्हणजे 32 ला घ्यायची, त्यावर 8 रुपये सुटतात. तिसऱ्याकडे 120 वह्यांचे 3840 रुपये देऊन 132 वह्या हातात येतात, म्हणजे एक वही 29 रुपये 9 पैशांना. मी पहिल्यांना म्हटलं, "शेठ, रोख देतो, काही बघा." त्यांनी दोन टक्के सोडले. झाले 29 रुपये 40 पैसे.

तक्त्यावर तिसराच स्वस्त. पण 132 वह्यांमागे फरक किती, तर जेमतेम 41 रुपये. आणि स्कीम एकाच प्रकारात होती, सगळ्या एकेरी नाहीतर सगळ्या चौकटी. माझ्या काउंटरवर दिवाळीपर्यंत चौकटी वह्या सहा डझनाच्या वर जात नाहीत. स्कीमच्या अकरा डझनांतला एक डझन जरी पडून राहिला, तरी विकलेली वही 32 लाच पडली. म्हणून पहिल्यांकडून एकेरी, दुहेरी, चौकटी असा मिळून अकरा डझन माल घेतला. टेम्पोभाडं आणि हमाली मिळून अडीचशेच्या वर गेले, म्हणजे वहीमागे दोन रुपये. खरी खरेदी 31 रुपये 40 पैसे आणि सुटतात 8 रुपये 60 पैसे. हा आकडा मी प्रत्येक मालाच्या पुढे साठा वहीत पेन्सिलीने लिहून ठेवतो. पुढच्या वेळी भाव ऐकला की लगेच कळतं आपण कुठे उभे आहोत.

बोहरी आळी, माजी सेल्समन

काका, हिशोब पक्का आहे. मी होलसेलच्या गादीवर बरीच वर्षं काढली, तर पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

भाव एकच नसतो. बंद खोकं उचलणाऱ्याला एक भाव, खोकं फोडून माल घेणाऱ्याला दुसरा. फोडलेल्या खोक्यातला उरलेला माल आम्हाला सांभाळावा लागतो, पुन्हा मोजावा लागतो, म्हणून तो फरक. तुम्ही प्रकार मिसळून घेतलेत आणि तरीही दोन टक्के मिळाले, याचा अर्थ शेठने रोखीला मान दिला. नवीन माणूस आला की आम्ही आधी पाहायचो, हा काय मागतो. "वह्या दाखवा" म्हणणाऱ्याला वेगळा भाव निघायचा. "लाँगबुक, एकेरी, किती पानी, किती जीएसएम" असं विचारणाऱ्याला निघायचा तो वेगळाच.

पानांचं तर नीट बघाच. बाजारात तोंडी "दोनशे पानी" म्हणतात, पण मलपृष्ठावर बारीक अक्षरात 172 किंवा 176 छापलेलं असतं, आणि त्यात कधी कधी कव्हरही धरलेलं असतं. दोन दुकानांच्या भावात दोन रुपयांचा फरक दिसला की आधी तो आकडा वाचा. कागदाचं म्हणाल, तर दोन्हीकडचा एकेक डझन काट्यावर ठेवा. माप सारखं, पानं सारखी, तरी वजन कमी भरलं, तर कागद हलका आहे. दुसरी परीक्षा जेल पेनची. एका पानावर दोन ओळी लिहा आणि पान उलटा. शाई मागून वाचता आली, तर ती वही चौथी-पाचवीच्या पोराच्या आईकडून परत येणार. पोर पानाच्या दोन्ही बाजूंना लिहितं.

आणि माल परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारायचं. नंतर विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं.

हिशोबी

काकांनी सगळ्यात मोठी गोष्ट सोडलीय. जीएसटी नंबर घ्या. खरेदीवर भरलेला सगळा कर परत मिळतो. पेनांवर 18 टक्के आहे, केवढी बचत होईल!

वर्धेची ताई

हिशोबी दादा, हे अर्धंच खरं आहे. कर परत म्हणजे रोख परत नव्हे. आपण विक्रीवर जो कर भरणार, त्यातून तो वजा होतो. तोही नेहमीच्या नोंदणीत. कंपोझिशनमध्ये उलाढालीवर एक टक्का भरायचा असतो आणि खरेदीवरचा कर तिथे वजा होत नाही. मालाची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर आपल्याकडे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या दुकानाला नोंदणीची सक्तीही नाही. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, खडू यांच्यावर करच नाही. काकांच्या काउंटरवर मुख्य माल तोच दिसतो. पेनांवर 18 टक्के आहे हे बरोबर, पण मी तो खरेदीच्या किमतीतच धरते आणि पुढे चालते.

पण दर बदलला तेव्हा एक पाहिलं. जुन्या छापील किमतीचा माल काही जणांनी जुन्याच भावाने काढायचा प्रयत्न केला. मी प्रत्येक बिलात वहीच्या ओळीपुढे कर शून्य आहे की नाही, ते तपासत होते. पक्कं बिल मागण्याचा हा एक उपयोग. कच्च्या चिठ्ठीवर काही दिसतच नाही.

आता माझा अनुभव. मी नागपूरच्या इतवारीतून माल आणते. आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तुमच्याकडे पंधराच्या आसपास. त्यामुळे मला जूनच्या पहिल्या आठवड्यातही निवांत भाव करता येतो. तिकडे तेव्हा झुंबड असेल. पार्सल आलं की मी पोतं उघडताना फोटो काढते, कोपरे दबलेल्या वह्या बाजूला ठेवते आणि त्याच संध्याकाळी शेठला पाठवते. तीन-चार दिवसांनी सांगितलं की "दुकानात दबल्या असतील" असं ऐकावं लागतं. मग बोलायला जागा राहत नाही.

झेरॉक्सवाला

काका, चांगला धागा. मला विचारायचंय, कोर्टासमोर झेरॉक्स टाकायची असेल तर मशीन जुनं घ्यावं की नवीन? माझा मेव्हणा म्हणतो जुनं घे, टोनर स्वस्त पडतो. कागदाची रीम मात्र मी पुण्याहूनच आणतो. पावसाळ्यात ती ओल धरते आणि मशीनमध्ये कागद अडकतो. मी आता रीम लाकडी फळीवर ठेवतो, भिंतीला टेकवत नाही.

सासवडचे काका

झेरॉक्सचं मला काही सांगता येणार नाही, मशीनवाल्यांनीच सांगावं. फळीचं मात्र लगेच उचलतो, माझ्या खोलीची उत्तरेची भिंत ओलच धरते.

ताई, फोटोची युक्ती फार उपयोगाची. सेल्समन दादांनी माल परत घेण्याचा विषय काढला, तर त्यावरच थोडं लिहितो. कचेरीत मी जडवस्तूंची नोंदवही ठेवायचो. दुकानातही तशी एक वेगळी वही केली, न हलणाऱ्या मालाची. त्यात महिन्यातून एकदा पाहतो. डिंकाच्या बाटल्या घट्ट होतात. खोडरबर प्लास्टिकच्या डबीला चिकटतात. बॉलपेन फार दिवस राहिलं की पहिल्या रेघेला उठत नाही, म्हणून जुन्या खोक्यातलं एक पेन काढून कागदावर फिरवून बघतो. डायऱ्या आणि कॅलेंडरं जानेवारी उलटला की संपलीच. म्हणून डायऱ्यांच्या बाबतीत शेठला स्पष्ट सांगितलं, "परत घेणार असाल तर वीस ठेवतो, नाहीतर पाच." त्यांनी दहा ठरवल्या, उरलेल्या जानेवारीच्या दहा तारखेपर्यंत परत, आणि तसं बिलावर लिहून दिलं. लिहून मागितल्याचा त्यांना राग आला नाही. उलट म्हणाले, "साहेब, तुम्ही कागदाचे माणूस."

माजी सेल्समन

लिहून दिलं म्हणजे शेठ चांगले. पण काका, तुम्ही कायम रोखीत घेता का?

सासवडचे काका

हो. ग्रॅच्युइटीतली ठरावीक रक्कम दुकानात घातली आहे, तिच्यापलीकडे जायचं नाही असं घरात ठरलंय. शिवाय हिशोब सरळ आहे. पंधरा दिवसांची उधारी घेतली की दोन टक्के जातात. बँकेत सात टक्के वार्षिक व्याज धरलं, तरी पंधरा दिवसांत तीस पैसे शेकडाही सुटत नाहीत. मग उधारी कशाला?

माजी सेल्समन

आकड्यांनी तुम्ही बरोबर. पण गादीवर बसून एक पाहिलंय. ज्याची थोडी बाकी असायची, तो खराब माल आणला की सरळ रक्कम कापून उरलेले पैसे ठेवायचा, आणि आम्ही मुकाट घ्यायचो. रोखीवाल्याला बदली माल मिळायचा, पण "पुढच्या फेरीला बघू" म्हणून. पैसे आमच्याकडे, माल त्याच्याकडे, मग घाई कोणाला असणार? म्हणून मी म्हणेन, निम्मं रोख द्या, निम्म्याची आठ दिवसांची बाकी ठेवा.

वर्धेची ताई

मला हे पटत नाही. बाकी ठेवली की शेठचा माणूस वसुलीला येतो आणि येताना काहीतरी नवीन टेकवून जातो. माझ्याकडे असाच चमकीच्या पेनांचा एक डबा आला होता. बाकी आपल्याकडे असताना नाही म्हणायला जड जातं. रोखीत मी मोकळी असते.

माजी सेल्समन

ताई, तो टेकवायचा माल बहुतेक फिरता असतो, एका दुकानातून परत आलेला. खोक्याची पट्टी दुसऱ्यांदा चिकटवलेली असते, बोट फिरवलं तर कळते. पण नाही म्हणणं जड जातं हे कबूल. यावर माझ्याकडे उत्तर नाही, ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे.

सासवडचे काका

या एप्रिलला निम्म्याचा प्रयोग करून पाहतो, तोही फक्त पेनांच्या मालावर, कारण खराब निघतात ती पेनंच. वह्या रोखीतच घेईन. कोणी कोल्हापूर किंवा नाशिककडचं असेल, तर तिकडे उधारीची मुदत किती देतात आणि रोखीला किती सोडतात, ते लिहा. मार्चअखेर पुण्याला जायचंय, त्याआधी कळलं तर शेठशी बोलताना हाताशी राहील.